जाळीला घासू नका, भिजू द्या!

बाहेर पाऊस पडतोय की नुसतंच आभाळ भरून आलंय, हे किचनच्या खिडकीतून कळेनासं झालं, की समजायचं, डासांच्या जाळीचे दिवस भरले. बेडरूमच्या जाळीचं फारसं टेन्शन नसतं. तिथे बसते ती सुकी धूळ, ब्रश फिरवला की गेली. खरी गंमत किचनमध्ये. बाहेरून रस्त्यावरची धूळ आणि गाड्यांची काजळी, आतून फोडणीचा तेलकट धूर. तेल झालं गोंद आणि धूळ झाली भराव. जाळीत एका इंचात साधारण १६ ते १८ धागे असतात, म्हणजे एकेक भोक जेमतेम एक मिलिमीटरच्या थोडं वर. धाग्यांवर ओशट थर चढायला लागला, की एवढंसं भोक बुजायला कितीसा वेळ लागणार?

मग काय होतं? एक्झॉस्ट फॅन बिचारा घरघर करत राहतो आणि धूर घरातच फिरतो. कारण फॅननं हवा बाहेर टाकायची तर तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी, आणि तिचा रस्ता आपण बंद केलेला. यावर बहुतेकांचा उपाय सोप्पा, जाळी सरकवून खिडकी सताड उघडी! पण डेंग्यूचा डास दिवसाढवळ्या चावतो बरं का, स्वयंपाकाच्या वेळी त्याला सुट्टी नसते. शिवाय फ्लॅट भाड्याचा असेल, तर फाटलेली जाळी घर सोडताना डिपॉझिटमधून वजा होते ती वेगळीच.

जाळी फाटते का, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. फ्रेममध्ये ताणलेली जाळी मागून अधांतरी असते. आपण घासणी घेऊन जोर लावतो. तेलाचा थर जागचा हलत नाही आणि सगळा जोर धाग्यांवर येतो. मग कडेच्या खाचेत जाळी पकडून ठेवणारं रबर सुटतं, नाहीतर तिथलाच धागा तुटतो. म्हणून फंडा एकच, मळ हातानं नाही, वेळानं काढायचा. साबणाला तेल सोडवायला पुरेसा वेळ द्यायचा आणि हाताला काम जवळपास ठेवायचंच नाही.

काम सुरू करण्याआधी कोपऱ्यात एक टेस्ट करा. जाळी बोटानं हलकेच दाबा. खळगा तसाच राहिला तर ती धातूची. तिला घडी आणि पोचा यांची भीती, तेव्हा ती वाकवायची नाही. मऊ, करडी किंवा काळी जाळी असेल तर बहुतेक फायबरग्लासची, वरून प्लॅस्टिकचा थर दिलेली. तिच्यावर नख घासून बघा. भुगा निघाला किंवा बारीक तंतू उभे राहिले, तर उन्हानं तिचं प्लॅस्टिक संपलंय. अशी जाळी कशीही धुतली तरी फाटणारच, तेव्हा मेहनत वाचवा आणि बदलून घ्या.

आता माझ्या किचनच्या जाळीचंच उदाहरण घेऊ. साधारण दोन फूट बाय चार फूट, ॲल्युमिनियमचं स्लायडिंग शटर, फायबरग्लासची जाळी आणि तीही आतल्या ट्रॅकवर. दोघांनी दोन बाजूंनी धरून शटर वर उचललं, की खालची चाकं ट्रॅकमधून सुटतात. मग खालची कड आत ओढून शटर खाली घ्यायचं. हात जाळीला नाही, फ्रेमला. तुमची जाळी सगळ्यात बाहेरच्या ट्रॅकवर असेल आणि खिडकीला ग्रिल नसेल, तर हिरोगिरी नको, स्लायडिंगवाल्याला बोलवा.

पहिली पायरी कोरडी, आणि हीच सगळे गाळतात. धुळीवर थेट पाणी पडलं की तिचा चिखल होतो आणि भोकांत आणखी घट्ट बसतो. म्हणून जमिनीवर जुना टॉवेल अंथरून त्यावर जाळी सपाट ठेवायची. फ्रेमच्या जाडीमुळे मध्ये पोकळी राहते, तेव्हा टॉवेलच्या घड्या वाढवून जाळीला खालून टेकू द्यायचा. मग रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशनं किंवा व्हॅक्युमच्या ब्रशवाल्या तोंडानं दोन्ही बाजू झटकून घ्यायच्या.

मग बाथरूम. अर्धी बादली कोमट पाणी, म्हणजे साधारण आठ लिटर, आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे तीन मोठे चमचे. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम हवं, उकळत्या पाण्यानं प्लॅस्टिकचा थर मऊ पडून जाळी सैल होते. जाळीखाली पुन्हा टॉवेलचा टेकू. जुनी सुती चादर या पाण्यात बुडवून जाळीवर पसरायची आणि वीस मिनिटं निवांत चहा प्यायचा. चादर सुकायला लागली तर वरून आणखी साबणपाणी शिंपडा, नाहीतर सुटलेलं तेल पुन्हा तिथेच बसेल.

चादर उचलल्यावर स्पंजच्या मऊ बाजूनं थापायचं. गोल-गोल घासायचं नाही. ओला स्पंज दाबला की साबण भोकांत शिरतो, सोडला की मळ वर येतो. कडेला, रबराजवळ, मऊ टूथब्रश धाग्यांच्या दिशेनं हलक्या हातानं चालवायचा. मग शटर उभं करून ज्या बाजूला मळ जास्त, त्याच्या उलट बाजूनं मगनं पाणी ओतायचं, म्हणजे मळ आला त्या वाटेनं परत जातो. जेट स्प्रे मात्र नको. एवढा जोर एका जागी पडला की खाचेतली जाळी निसटते.

गॅसच्या अगदी जवळच्या पट्ट्यात पिवळा-तपकिरी, लाखेसारखा थर उरतो. ते जुनं तेल, उष्णतेनं आणि हवेनं घट्ट झालेलं. तिथे लिक्विड पाणी न घालता लावा, वर ओलं फडकं ठेवा, अर्धा तास थांबा आणि पुन्हा थापा. अशा दोन फेऱ्या करा. तरी निघाला नाही तर तो डाग राहू द्या. भोकं मोकळी झाली ना, काम झालं. थिनर किंवा रॉकेलचा मोह टाळा. त्यानं जाळीचं प्लॅस्टिक आणि रबर दोन्ही बिघडतात, आणि हे सगळं जाणार गॅसच्या शेजारी! कॉस्टिकवाला ओव्हन क्लीनर ॲल्युमिनियमची फ्रेम खातो, तोही नको.

साफ झाली हे ओळखायचं कसं? जाळी सुकल्यावर पांढरा टिश्यू दाबून बघा. करडा डाग आला तर धूळ राहिलीय, पिवळट आणि चिकट आला तर तेल राहिलंय, म्हणजे आणखी एक साबणाची फेरी. कुठे रबर वर आलं असेल, तर चमच्याच्या पाठीनं दाबून खाचेत बसवा. शटर सावलीत पूर्ण सुकवूनच लावा, ओल्या जाळीवर धूळ लगेच बसते. लावण्याआधी ट्रॅकमधला गाळही काढून टाका, नाहीतर शटर सरकवताना अडेल आणि आपण नेमकी जाळीच धरून ओढू.

यापुढे महिन्यातून एकदा कोरडा ब्रश आणि तळणाचा बेत झाला की दुसऱ्या दिवशी ओल्या स्पंजचा एक हात. ताजं तेल पाच मिनिटांत निघतं, जुन्या तेलाला अख्खा रविवार लागतो.