घास उतरताना दुखतं का?

एचआयव्हीचा रुग्ण ‘छातीत जळजळतं’ म्हणत आला की आपल्याकडे बहुधा पॅन्टोप्राझोल लिहून दिलं जातं आणि एक प्रश्न राहून जातो: घास उतरताना दुखतं का? ‘अडकतं का’ एवढंच विचारून भागत नाही. घोटभर पाणी प्यायलं तरी छातीच्या मधल्या हाडामागे कळ उठत असेल आणि सीडी-४ २००च्या खाली असेल, तर सर्वांत आधी अन्ननलिकेतल्या कॅन्डिडाचा विचार करावा. तोंडात पांढरा थर असेल तर संशय बळावतो. पण थर नाही म्हणून हा आजार नाही, असं मानू नये.

समजा, वर्षभर एआरटी सोडलेला चाळिशीतला रुग्ण आहे. वजन ५० किलो, सीडी-४ ६४, टाळ्यावर खरवडून निघणारा थर, आणि दुखण्यामुळे तीन आठवडे नुसत्या पेजेवर आहे. इथे एंडोस्कोपीसाठी थांबायचं कारण नाही. पहिल्या दिवशी फ्लुकोनॅझोल ४०० मिलिग्रॅम आणि पुढे रोज २०० मिलिग्रॅम द्यावं. औषधाचं अर्धायुष्य सुमारे ३० तासांचं असल्याने पहिली दुप्पट मात्रा न दिल्यास रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा दिवस जातात. आजार तीव्र असेल तर रोजची मात्रा ४०० पर्यंत नेता येते. मूत्रपिंडं मंदावली असतील तर पहिल्या मात्रेनंतरची रोजची मात्रा निम्मी करावी. गिळणंच अशक्य असेल तर तेच औषध शिरेतून द्यावं.

मुदत १४ ते २१ दिवसांची आहे, आणि नेमकी इथेच चूक होते. दुकानात सहज मिळते ती १५० मिलिग्रॅमची गोळी. योनीमार्गाच्या संसर्गाला ती एकदाच दिली तरी पुरते, म्हणून इथेही एक गोळी, फार तर आठवड्याला एक, लिहिली जाते. दोन दिवस बरं वाटतं आणि दुखणं परततं. नुसत्या क्लोट्रिमॅझोलच्या माउथ पेंटनेही अन्ननलिका बरी होत नाही.

पहिली गोळी देण्याआधी डोकेदुखी, ताप विचारा आणि रक्ताची क्रिप्टोकॉकल अँटिजेन चाचणी पाठवा. मेंदूच्या आवरणाला क्रिप्टोकॉकसचा दाह असेल तर २०० मिलिग्रॅमने तो बरा होत नाही, फक्त काही काळ झाकला जातो. रुग्ण रिफॅम्पिसिनवर असेल तर फ्लुकोनॅझोलची पातळी घटते, हेही मात्रा ठरवताना धरावं.

पाचव्या ते सातव्या दिवशी रुग्णाला परत बोलवा. तोपर्यंत तो भात-वरण खाऊ लागलेला असायला हवा. तोंड स्वच्छ झालं, गोळ्या नेमाने घेतल्या, तरी गिळताना तितकंच दुखत असेल तर मात्रा वाढवत बसू नका. एंडोस्कोपी करून व्रणाची बायोप्सी घ्या. सायटोमेगॅलो किंवा हर्पीस विषाणूचे व्रण कॅन्डिडासोबत असू शकतात.

बरं वाटलं तर मुदत पूर्ण करून औषध थांबवावं. कॅन्डिडासाठी एआरटी लांबवायची गरज नसते. क्षयरोग आणि क्रिप्टोकॉकस नाही याची खात्री झाली की ती लगेच सुरू करावी, कारण सीडी-४ वर आल्याशिवाय हा संसर्ग पुन्हा पुन्हा उलटत राहतो.