युरिया गाईला मारत नाही, बादली मारते

काल रात्री आमच्या धरमपेठेतल्या एका ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज फिरला. "गाईंना युरिया खाऊ घालतात, ते दूध आपल्या लेकरांच्या पोटात जातं, जागे व्हा." खाली चाळीस हात जोडलेले इमोजी. आणि आज सकाळी उमरेड रोडवरच्या एका गावातून ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन. एक गाय गेली, दुसरी वाचली. कारण? युरिया.

तुम्ही म्हणाल, मग मेसेज खराच निघाला की. नाही निघाला. मेसेजवाले आणि त्या शेतकऱ्याला सल्ला देणारा, दोघंही सारखेच चुकीचे आहेत. दोघांच्या मधे मेली ती गाय. म्हणून ही लांबलचक पोस्ट. वाचायला पाच मिनिटं लागतील, पण ज्याच्या घरी एक जरी जनावर आहे त्याने वाचाच.

आधी मेसेजवाल्यांचं बघू. गाय, म्हैस, बैल यांच्या पहिल्या पोटात कोट्यवधी जंतू असतात. युरिया तिथे पोचला की फुटतो, अमोनिया होतो. हे जंतू अमोनिया घेऊन स्वतःचं अंग वाढवतात, म्हणजे प्रथिन तयार करतात, आणि पुढे गाय त्या जंतूंनाच पचवते. युरिया हे गाईचं नव्हे, तिच्या पोटातल्या जंतूंचं खाद्य आहे. फिनलंडचे नोबेलविजेते शास्त्रज्ञ विर्तानेन यांनी १९६०च्या दशकात गाईंना प्रथिनाऐवजी युरिया आणि अमोनियाचे क्षार देऊन दूध काढून दाखवलं होतं. दुधात थोडा युरिया निसर्गतःच असतो, १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमपर्यंत कायद्यालाही चालतो. दुधाच्या कॅनमधे बाहेरून युरिया कालवणारा भेसळखोर हा वेगळा गुन्हेगार आहे. त्याच्या पापाची शिक्षा तणसावर युरिया शिंपडणाऱ्या शेतकऱ्याला देऊ नका.

आता सल्ला देणाऱ्यांकडे येतो, कारण खरा राग तिथे आहे.

त्या शेतकऱ्याकडे दोन जर्सी क्रॉस गाई. ढेप परवडत नाही, कुटार संपलं, उरलं धानाचं तणस. पशुखाद्य विकायला येणाऱ्या एका एजंटाने सांगितलं, "ढेप अर्धी करा, बादलीत मूठभर युरिया टाका, काही होत नाही." आणि पहिले पंधरा दिवस खरंच काही झालं नाही. मूठभर दोघींत वाटून, मग हळूहळू वाढवत त्याने ते प्रत्येकी दोन मुठींवर नेलं. मग घरात लग्न निघालं. चार दिवस तो बाहेरगावी, पोराने बादलीचा उपद्व्याप केलाच नाही. परत आल्यावर सकाळी गाई उपाशी होत्या, याने पूर्वीइतकाच युरिया ढेपेच्या पाण्यात घातला. अर्ध्या तासात पहिली गाय अस्वस्थ. तोंडाला फेस, दात खाणं, कान आणि चेहऱ्याचे स्नायू फडफडू लागले. मग पोट फुगलं, पाय लटपटले, गाय आडवी झाली आणि हातपाय झाडत गेली. "रोज टाकत होतो नं भाऊ, कधी काही झालं नाही," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

हे "रोज टाकत होतो" नीट समजून घ्या, कारण सगळी गोम तिथे आहे. जनावराच्या पोटातले जंतू आणि त्याचं लिव्हर, दोघांनाही युरियाची सवय व्हायला तीन-चार आठवडे लागतात. ती सवय तुटायला मात्र दोन-तीन दिवसांचा खंड पुरतो. चार दिवसांनी ती गाय पहिल्या दिवसाची गाय झाली होती. त्यात पोट रिकामं. जंतूंना अमोनिया वापरायचा तर सोबत पिठूळ किंवा गोड खाद्याची ताकद लागते, गूळमळी, भरडा असं काहीतरी. ती नसली की अमोनिया वापरला जात नाही, सरळ रक्तात जातो. लिव्हरला तो आवरत नाही आणि मेंदूवर हल्ला होतो.

हिशोबही बघा. सवय नसलेल्या जनावराला वजनाच्या किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम युरिया एकदम पोटात गेला तर धोका सुरू होतो. ३५० किलोच्या गाईला म्हणजे १०५ ग्रॅम. मी आज घरच्या काट्यावर युरियाची मूठ मोजली. एका मुठीत ५० ते ६० ग्रॅम भरला. म्हणजे दोन मुठी आणि विषय संपला. दुसरीकडे, सवय झालेल्या जनावराला दिवसभरात सगळ्या कोरड्या चाऱ्या-खाद्याच्या १ टक्क्याहून जास्त युरिया देऊ नये, असा नियम आहे. ९ किलो कोरडं खाणाऱ्या गाईला तो ९० ग्रॅम होतो, आणि तोही दिवसभरात वाटून. मर्यादा ९०, धोका १०५. एवढ्या अरुंद पट्टीवर "मूठभर" नावाचं माप चालवणाऱ्याला सल्लागार म्हणायचं की आणखी काही, तुम्हीच ठरवा. वर बादलीच्या तळाशी न विरघळलेले दाणे राहतात, ते शेवटच्या घोटात एकाच गाईच्या पोटात जातात.

मग युरिया वापरूच नये का? वापरावा. पण बादलीत नाही, तणसावर. पद्धत जुनी आहे, कृषी आणि पशुवैद्यकीय महाविद्यालयं वर्षानुवर्षं शिकवतात, आपल्या सेमिनरी हिल्सच्या कॉलेजपर्यंत. १०० किलो कोरडं तणस, ४ किलो युरिया, ५० लिटर पाणी. युरिया पाण्यात पूर्ण विरघळवायचा. तणसाचा थर पसरायचा, झारीने पाणी शिंपडायचं, तुडवून हवा काढायची, पुढचा थर. शेवटी प्लास्टिकने घट्ट झाकून कडांवर माती आणि दगड. २१ दिवस उघडायचं नाही. द्रावणाचा ड्रम उघडा ठेवून चहाला जायचं नाही, कारण तहानलेलं जनावर त्यातच तोंड घालतं.

या २१ दिवसांत युरियाचा अमोनिया होतो आणि तो तणसाच्या कडक काड्या सैल करतो. तणसातलं प्रथिन ३-४ टक्क्यांवरून ७-८ टक्क्यांपर्यंत जातं आणि जनावर ते जास्त खातं, चांगलं पचवतं. उघडल्यावर तणस पिवळट-तपकिरी आणि वास नाकात झोंबणारा हवा. पांढरी किंवा काळी बुरशी दिसली तर हवा शिरली होती, तो भाग फेका. रोजचं तणस आधी काढून तासभर पसरायचं, म्हणजे जादा अमोनिया उडून जातो. सुरुवातीला पाव भाग हे आणि पाऊण भाग साधं, मग दोन आठवड्यांत वाढवत न्यायचं.

कुणी विचारेल, ५ किलो असं तणस खाल्लं तर त्यात २०० ग्रॅम युरिया गेला की, मग गाय मरत का नाही? कारण तोवर तो युरिया उरलेला नसतो. काही अमोनिया उडालेला, बाकी तणसात मुरलेला, आणि तो तासन् तास चघळत थोडा थोडा पोटात जातो. घोटासरशी नाही. आणि एका गाईला दिवसाला ५ किलो धरलं तर १०० किलोचा ढीग २० दिवस पुरतो. म्हणून पहिला उघडण्याच्या एक-दोन दिवस आधीच दुसरा रचा.

खर्च? ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना. ४ किलो म्हणजे साधारण २४ रुपये. ढेपेचा भाव तुम्हाला माहीतच आहे.

काही गोष्टींना मात्र पूर्ण मनाई. सहा महिन्यांखालच्या वासराला नाही, त्याचं ते पोट तयारच झालेलं नसतं. आजारी किंवा उपाशी जनावराला नाही. घोडा, डुक्कर यांना नाही. आणि आपल्या भागासाठी खास: युरियासोबत कच्चं सोयाबीन देऊ नका. कच्च्या सोयाबीनमधे युरिया फोडणारा घटक असतो, त्याने अमोनिया झपाट्याने सुटतो.

आणि वेळ आलीच तर? युरिया पोटात गेल्यावर साधारण २० मिनिटं ते तासाभरात वर सांगितलेली लक्षणं दिसतात. पहिलं काम, १९६२ ला फोन आणि जवळच्या डॉक्टरला बोलवा. जनावर उभं आहे आणि नीट गिळतंय, तर थंड पाणी भरपूर, २० ते ४० लिटरपर्यंत, आणि दुकानातला साधा व्हिनेगर २ ते ६ लिटर पाण्यात मिसळून. आंबट द्रव अमोनियाला बांधून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. थंड पाण्याने युरिया फुटणं मंदावतं. पण जनावर आडवं पडलं असेल, झटके येत असतील, तर तोंडाने काही ओतू नका, फुप्फुसात जाईल. ते काम डॉक्टरचं, नळीने. या शेतकऱ्याची दुसरी गाय अशीच वाचली. डॉक्टर वेळेत पोचले आणि ती तेव्हा उभी होती.

सगळ्यात मोठी चूक पोट फुगल्याचं बघून होते. "अफारा झाला" म्हणत लोक खाण्याचा सोडा पाजतात. साध्या अफाऱ्यात ते चालत असेल, इथे ते आगीत तेल आहे. सोड्याने अमोनिया आणखी वेगाने रक्तात जातो. त्या पहिल्या गाईला आधी सोडाच पाजला होता, राजेहो.

आता प्रश्न व्यवस्थेला. तणस प्रक्रियेची पत्रकं छापतात, पण किती गावांत कुणी ढीग रचून, २१ दिवसांनी उघडून दाखवला? पत्रकात "४ टक्के" लिहिलं जातं, पण चार दिवसांचा खंड पडला तर काय करायचं, सोडा का नको, हे कुठे असतं? आणि सवलतीचा युरिया पशुखाद्य कारखान्याकडे वळवणं गुन्हा आहे, हे योग्यच. पण मग शेतकऱ्याने स्वतःच्या गोठ्यातल्या तणसाला वापरायचा की नाही, हे कृषी आणि पशुसंवर्धन दोन्ही खात्यांनी एका कागदावर, एका भाषेत सांगावं. या उन्हाळ्याच्या आत.

तोवर एकच मागणी तुमच्याकडे. तो "जागे व्हा" वाला मेसेज आला तर फॉरवर्ड करू नका. ज्यांच्या गोठ्यात युरियाची गोणी आणि पाण्याची बादली शेजारी शेजारी आहे, त्यांना ही पोस्ट पाठवा. आणि ती गोणी आजच उचलून गोठ्याबाहेर, कुलपात ठेवायला सांगा.