विश्लेषण : सात वर्षांनी जुन्या सहकाऱ्याला मेसेज, ओळख मागण्याआधी काय सांगावे?

नोकरी बदलायची असते. हव्या त्या कंपनीतल्या वरिष्ठाला ओळखणारा माणूस आपल्याला माहीत असतो, कारण कधीकाळी तो आपल्याच प्लांटमध्ये काम करत होता. अडचण एवढीच, की त्याच्याशी सात वर्षांत एक शब्दही झालेला नाही. अशा वेळी बहुतेकांना ठाऊक असलेला मार्ग म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या, चार दिवसांनी ‘काय चाललंय’ विचारायचे आणि आठवड्याने सीव्ही पुढे करायचा. समोरच्याला हा डाव पहिल्या शुभेच्छेलाच कळतो. ‘काम पडलं की आठवण येते’ हे वाक्य मराठी घरांत उगीच रुजलेले नाही.

मग सरळ काम सांगून मोकळे व्हावे का? तेही पुरत नाही, आणि त्याचे कारण शिष्टाचारापेक्षा वेगळे आहे.

सल्ला वेगळा, ओळख वेगळी

तुटलेल्या व्यावसायिक संबंधांवर डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निगन यांचे संशोधन २०११मध्ये प्रसिद्ध झाले. किमान तीन वर्षे संपर्क नसलेल्या परिचितांशी पुन्हा बोलून कामाबद्दल सल्ला घ्या, असे त्यांनी अनुभवी अधिकाऱ्यांना सांगितले. अशा जुन्या परिचितांकडून उपयुक्त आणि नवी माहिती मिळाली, शिवाय पूर्वीचा विश्वासही बराचसा टिकून असल्याचे दिसले. ‘जुन्या ओळखी जाग्या करा’ या सल्ल्यामागे अनेकदा याच अभ्यासाचा आधार असतो.

मात्र तिथे मागितला होता सल्ला. सल्ला देणाऱ्याची फक्त वीस मिनिटे जातात. ओळख करून देणारा आपली पत पणाला लावतो. त्याने पाठवलेला उमेदवार कच्चा निघाला, तर पुढच्या वेळी त्याच्या शब्दाला वजन राहत नाही. शिवाय त्याच्या डोक्यात आपण सात वर्षांपूर्वीचेच असतो. ओळख मागण्याआधीच्या बोलण्याचे खरे काम इथेच आहे. जुने चित्र बदलायचे, म्हणजे आपल्याबद्दल खोटे न बोलता दोन ओळी लिहिण्याइतके त्याच्या हाती काही येईल. माझ्या मते, हवापाण्याच्या गप्पा महिनाभर लांबवल्या तरी हे काम होत नाही, आणि एका चांगल्या फोनमध्ये होऊ शकते.

एक उदाहरण

समजा, चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये २०१५ ते २०१८ एक तरुणी क्वालिटी विभागात होती. टूलरूमचे प्रमुख तिच्याहून दहा वर्षांनी मोठे, ती त्यांना ‘सर’ म्हणायची. आज ती वाळूजला १४ पुरवठादारांचे ऑडिट सांभाळते. सरांच्या आठवणीत मात्र ती अजून व्हर्नियर हातात घेऊन पार्ट तपासणारी नवशिकी आहे. तिला ज्या कंपनीत जायचे आहे, तिथल्या सप्लायर क्वालिटीच्या प्रमुखांना सर ओळखतात.

तिचा पहिला मेसेज असा असू शकतो : ‘नमस्कार सर, चाकणला टूलरूमशेजारच्या क्वालिटीत मी होते. बिजागरीच्या डायला बर येत होता आणि आपण रात्री दोनपर्यंत ट्रायल घेत बसलो होतो, ते अजून आठवतं. खूप वर्षांनी लिहितेय. तुम्ही सध्या काय करताय ते ऐकायचं आहे. माझ्या नोकरीबद्दल एक कामही आहे, पैशांचं किंवा पॉलिसीचं नाही. या आठवड्यात पंधरा मिनिटं फोनवर बोलता येईल का?’

यात डायचा उल्लेख भावुकतेसाठी नाही. आज व्हॉट्सॲप खाती हॅक करून पैसे मागितले जातात, त्यामुळे बदललेल्या नंबरवरून आलेल्या जुन्या नावाकडे कोणीही संशयाने पाहतो. त्या दोघांनाच माहीत असलेली गोष्ट तो संशय दूर करते. ‘पैशांचं किंवा पॉलिसीचं नाही’ हेही त्यासाठीच. वर्षानुवर्षांनी आलेला मेसेज उसनवारी, विमा किंवा साखळी विक्रीचा असणार, अशीच पहिली शंका येते. काम आहे हे सांगून टाकल्याने फोनवरच्या गप्पा निर्धास्त होतात. ‘आता खरा विषय कधी काढणार’ याची वाट कोणी पाहत बसत नाही.

संबोधनही जुनेच ठेवावे. तेव्हा ‘अरे-तुरे’ असेल, तर तो आता व्हाइस प्रेसिडेंट झाला म्हणून ‘तुम्ही’वर जाऊ नये. त्याला ते आदरापेक्षा अंतर वाटण्याची शक्यता अधिक.

फोनवर तिने आधी सरांचे ऐकावे. मग मधल्या वर्षांतले एकच काम तपशिलाने सांगावे. उदाहरणार्थ, एका पुरवठादाराकडून वारंवार खराब माल येत होता, कारण कुठे सापडले, ते कसे थांबवले. पदांची यादी सांगून चित्र बदलत नाही. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला असा एक किस्सा पुरतो, आणि तो पुढचे प्रश्न विचारतो. प्रश्न आले, तर विषय काढायला हरकत नाही. ‘बरं, सीव्ही पाठवून ठेव’ असे लगेच आले, तर ते बहुधा सभ्यपणे फोन ठेवणे असते. सीव्ही कंपनीच्या रेफरल पोर्टलवर जाईलही, पण त्याला ओळख म्हणत नाहीत.

मागणीआधी एक प्रश्न मात्र हवाच : ‘त्यांच्याशी तुमचं बोलणं असतं का?’ लिंक्डइनवर दोघे जोडलेले दिसतात म्हणजे परिचय असतोच असे नाही. सर म्हणाले, ‘एका प्रदर्शनात कार्ड दिलं होतं,’ तर तिथेच थांबावे. नाही तर आपण त्यांना अवघडात टाकतो.

परिचय खरा असेल, तर तिने पुढे पाठवता येईल असा छोटा मजकूर स्वतः लिहून द्यावा : सध्या काय करते, त्या जागेबद्दल काय विचारायचे आहे, किती वेळ हवा. त्यावर सरांनी फक्त स्वतः पाहिलेले लिहावे : ‘२०१५ ते २०१८ माझ्यासोबत होती, रिजेक्शन लपवायची नाही.’ आजच्या कामाची हमी त्यांनी द्यायची गरज उरत नाही, ते तिच्या मजकुरात आहे. आणि नंबर देण्यापूर्वी समोरच्या प्रमुखांना विचारून घ्या, हेही तिनेच सुचवावे. नकार आला तर तो सरांपाशीच निवांत थांबतो.

उत्तर आले नाही तर

लोक अशा मेसेजला जेवढे घाबरतात, तेवढे कारण सहसा नसते. अचानक विचारपूस केल्याचे समोरच्याला किती बरे वाटेल, याचा अंदाज पाठवणारे कमीच लावतात, असे पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२च्या अभ्यासात दिसले. अर्थात ती विचारपूस होती, त्यामागे काम नव्हते. म्हणून दहा-बारा दिवसांनी एक आठवण पुरे, त्यानंतर नाही. जिथून भांडून निघालो, तिथल्या माणसाकडे ओळखीसाठी जाऊच नये. त्याच्याशी आधी वेगळे बोलणे बाकी असते.

आणि अर्जाची मुदत परवाच संपत असेल, तर या सगळ्याला वेळ नाही. अर्ज सरळ करून टाकावा, सरांना नंतर निवांत लिहावे. फक्त त्यांना न विचारता अर्जात त्यांचे नाव घालू नये. समोरच्या प्रमुखांनी त्यांना फोन लावला, तर सर सात वर्षांपूर्वीच्या व्हर्नियरवाल्या मुलीबद्दलच बोलणार.