फ्लूचा आठवा दिवस

थंडी सुरू झाली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक तक्रार हमखास येते. "तीन दिवस १०२ ताप आहे. जीपीने छाती तपासली आणि नुसतं पॅरासिटामॉल सांगून घरी पाठवलं." दहा मिनिटांत कोणीतरी उत्तर देतं, "भारतातून आणलेली अझिथ्रोमायसिनची स्ट्रिप असेल ना घरात? तीन दिवस घे, उतरेल." तीन दिवसांनी ताप खरंच उतरतो. फ्लूचा ताप पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत बहुधा आपणहून उतरतोच, पण श्रेय गोळीला मिळतं आणि स्ट्रिपची कीर्ती वाढते.

माझं म्हणणं असं की आपण या औषधाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी चुकतो. दुसऱ्या दिवशी, जेव्हा त्याचा काही उपयोग नसतो, तेव्हा ते घेतो. आणि आठव्या दिवशी, जेव्हा त्याची खरी गरज असू शकते, तेव्हा "अँटिबायोटिक घेऊन झालंय, अशक्तपणा असेल" म्हणून घरीच बसतो. पहिल्या चुकीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. जीव मात्र दुसऱ्या चुकीने जाऊ शकतो.

फ्लू आणि जिवाणू यांचा घोळ जुना आहे, आणि तो सुटला लंडनमध्ये. १८९० च्या दशकात जर्मनीत रिचर्ड फायफर यांना फ्लूच्या रुग्णांच्या कफात एक जिवाणू सापडला. हाच फ्लूचं कारण असं मानून त्याला नावही 'इन्फ्लुएन्झा' जोडलेलं मिळालं. पुढे पॅडिंग्टनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना पेनिसिलिन सापडलं. त्यांच्या १९२९ च्या मूळ निबंधाच्या शीर्षकातच या जिवाणूचा उल्लेख आहे, पण तो मारण्यासाठी नव्हे. पेनिसिलिन बाकीच्या अनेक जिवाणूंना रोखतं आणि याला सोडून देतं, म्हणून घशातल्या गर्दीतून हा जिवाणू वेगळा काढायला ते सोयीचं, असं फ्लेमिंग यांनी दाखवलं होतं.

१९३३ मध्ये लंडनच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर मेडिकल रिसर्चमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांच्या घशातलं पाणी जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळलं आणि फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यांच्या नाकात सोडलं. फेरेट आजारी पडले. म्हणजे जिवाणू बाजूला काढल्यावरही आजार शिल्लक राहत होता, कारण फ्लू विषाणूचा होता. फायफर यांचा जिवाणू मुख्य आरोपी नव्हता, पण पूर्ण निर्दोषही नव्हता. तो आणि त्याचे सोबती नंतर घरात शिरणारे होते. १९१८ च्या साथीतल्या मृतांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे नमुने अनेक दशकांनी पुन्हा तपासले गेले, तेव्हा बहुतेकांमध्ये फ्लूवर स्वार होऊन आलेल्या जिवाणूंचा न्यूमोनिया दिसला.

ही दुसरी चढाई कशी होते, ते पाहू. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. ते अखंड हलत राहून कफ आणि त्यात अडकलेले जंतू वर ढकलतात. फ्लूचा विषाणू नेमक्या याच पेशी मारतो. झाडू मारणारेच गेले की घसा-नाकात एरवी निमूट राहणारे न्यूमोकॉकस, स्टॅफिलोकॉकस यांसारखे जिवाणू खाली फुप्फुसात उतरू शकतात. शिवाय विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, त्यांच्यामुळे जिवाणू गिळणाऱ्या पेशींचं काम काही काळ मंदावतं. म्हणूनच धोका ताप चढलेला असताना जेवढा असतो, त्याहून पहिल्या आठवड्याच्या शेवटी आणि दुसऱ्या आठवड्यात जास्त असतो.

इथे एक वाजवी प्रश्न येतो. जिवाणू नंतर येणारच असतील, तर आधीच औषध घेऊन वाट का अडवू नये? हा प्रश्न याच देशात नीट तपासला गेला आहे. ऑक्सफर्डच्या 'आर्ची' चाचणीत आधीपासून काही दुखणं असलेल्या, म्हणजे जास्त धोक्याच्या मुलांना फ्लूसारखा आजार झाल्यावर पहिल्या पाच दिवसांत को-अमॉक्सिक्लॅव्ह किंवा नुसतं दिखाऊ औषध दिलं गेलं. ठरवली होती तितकी मुलं चाचणीला मिळाली नाहीत, हे मान्य करायला हवं. पण पुढे प्रकृती बिघडून पुन्हा डॉक्टरांकडे जावं लागण्याचं प्रमाण औषधाने कमी झाल्याचं दिसलं नाही.

विषाणूमुळे झालेल्या न्यूमोनियाचा पुरावा याहून भक्कम आहे. कोविडच्या 'रिकव्हरी' चाचणीत इथल्या रुग्णालयांतल्या साडेसात हजारांवर रुग्णांची तुलना झाली. अझिथ्रोमायसिन मिळालेल्यांपैकी २८ दिवसांत २२ टक्के दगावले, आणि न मिळालेल्यांपैकीही २२ टक्केच. ही तीच गोळी, जी आपण बॅगेत घालून आणतो. कारण सोपं आहे. अझिथ्रोमायसिन जिवाणूचं प्रथिनं बनवण्याचं यंत्र बंद पाडतं. विषाणूकडे ते यंत्र नसतंच, तो आपल्या पेशीचं वापरतो. लवकर घेतलेल्या गोळीने होतं ते एवढंच, की घसा आणि आतड्यातले सौम्य जिवाणू मरतात आणि त्या गोळीला न जुमानणारे मागे उरतात. आठव्या दिवशी फुप्फुसात उतरायला मग तेच तयार असतात.

आता एका घराचं उदाहरण घेऊ. माणसं काल्पनिक आहेत, पण घटनांचा क्रम दवाखान्यात नेहमी दिसणारा आहे. स्लाओमधलं एक जोडपं, दोघंही पन्नाशीतली, एरवी ठणठणीत, एकाच आठवड्यात फ्लूने पडली.

काकूंना पहिल्या दिवशी अचानक ३९ अंश ताप, अंगदुखी, कोरडा खोकला. चौथ्या दिवसापासून ताप उतरू लागला, सहाव्या दिवशी पॅरासिटामॉल न घेताही राहिला नाही. मात्र खोकल्यातून पिवळा-हिरवा कफ पडू लागला आणि त्या घाबरल्या. कफाचा हिरवा रंग जिवाणूचा नसतो. आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट विकराचा तो रंग आहे, आणि त्या पेशी विषाणूशी लढतानाही येतात. ताप नाही, धाप नाही, भूक परतली आहे, रोज थोडं जास्त चालता येतंय. काकूंना अँटिबायोटिक नको. खोकला तीन-चार आठवडे रेंगाळू शकतो, तेवढा धीर धरायचा.

काकांचे पहिले सहा दिवस अगदी तसेच गेले. सातव्या दिवशी ते कामाचे ईमेल पाहू लागले. आठव्या दिवशी संध्याकाळी दातखीळ बसेल अशी थंडी वाजली, ताप पुन्हा ३९ वर गेला. खोल श्वास घेतला की उजव्या कुशीत सुई टोचल्यासारखं दुखू लागलं. कफ गंजाच्या रंगाचा. बसल्या जागी मिनिटाला २६ श्वास, एरवी ते १२ ते २० असतात. त्याच दिवशी तपासणी झाली. उजवीकडे खाली छातीत बारीक चरचर ऐकू आली, रक्तातलं सीआरपी १८० निघालं, एक्स-रेमध्ये त्याच जागी पांढरा डाग दिसला. त्यांना पाच दिवसांचं डॉक्सिसायक्लिन मिळालं, कारण फ्लूनंतर येणाऱ्या नेहमीच्या जिवाणूंपैकी स्टॅफिलोकॉकसवरही ते चालतं. दोन दिवसांत फरक पडला नाही तर परत या, असं बजावलं गेलं.

दोघांतला फरक कफाच्या रंगात किंवा तापाच्या आकड्यात नाही. तो आलेखाच्या आकारात आहे. काकूंचा आलेख एकदा चढला आणि उतरत गेला. काकांचा उतरून पुन्हा चढला. म्हणून तारखा लिहून ठेवा: आजार कधी सुरू झाला, बरं कधी वाटलं, पुन्हा कधी बिघडलं. फोनवर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात हेच सांगा. "मला फ्लू आहे, खोकला थांबत नाही" या वाक्याला पॅरासिटामॉलचंच उत्तर मिळेल. "सहाव्या दिवशी बरा होतो, आठव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि श्वास घेताना दुखतंय" हे वाक्य ऐकणाऱ्याला सावध करतं.

चाचण्यांच्याही मर्यादा आहेत. इथल्या नाइसच्या मार्गदर्शनात सीआरपी २० च्या खाली असेल तर सहसा अँटिबायोटिक नको, १०० च्या वर असेल तर द्यावं, आणि मधल्या पट्ट्यात चिठ्ठी लिहून ठेवून प्रकृती बिघडली तरच औषध घ्यावं, असा साधारण हिशोब आहे. पण विषाणूच्या तीव्र न्यूमोनियातही सीआरपी चढतं, त्यामुळे एकट्या आकड्यावर निदान होत नाही. म्हणूनच गंभीर न्यूमोनियाने रुग्णालयात आलेल्या रुग्णाला डॉक्टर नमुने घेऊन लगेच अँटिबायोटिक सुरू करतात आणि जिवाणूचा पुरावा मिळाला नाही तर एक-दोन दिवसांत थांबवतात. आपण घरी सुरू केलेल्या अर्धवट डोसामुळे त्या नमुन्यांत जिवाणू वाढतच नाहीत, आणि हा निर्णय आंधळा होतो.

मधला बरा दिवस प्रत्येकाला मिळतोच असंही नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतच धाप वाढत गेली तर तो विषाणूचाच न्यूमोनिया असू शकतो, त्याला ऑक्सिजन लागू शकतो. जास्त धोक्याच्या माणसांना विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत द्यायचं असतं, त्यामुळे तिथे वाट पाहू नका. इथे राहायला आलेल्या आई-वडिलांना ताप न येता नुसता गोंधळल्यासारखं होणं, जेवण सोडणं एवढंच दिसू शकतं. बसल्या जागी मिनिटाला २५ च्या आसपास श्वास असतील तर त्याच दिवशी जीपी किंवा १११. ओठ निळसर पडणं, वाक्य पूर्ण न करता येणं, नवा गोंधळ, किंवा ऑक्सिमीटरवर ९२ वा खाली, तर सरळ ९९९. आणि आपल्या सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं, म्हणून एकदाच मोजलेल्या ९५ वर विसंबू नका, आकडा घसरतोय का ते पाहा.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर तिसऱ्या दिवसाची तक्रार आली, तर स्ट्रिप सुचवू नका. आठव्या दिवशी त्या माणसाला फोन करा आणि विचारा, मध्ये बरं वाटलं होतं का, आणि आता कसं आहे?