श्री. किरण, तुम्ही तो की ती?

शुक्रवार संध्याकाळ, सहा वाजून दहा मिनिटं. बॉस जाता जाता म्हणतो, ‘ते चारशे मेल्स तेवढे आज पाठवून टाक ना, मेल मर्जच तर आहे!’ तुमच्याही बाबतीत झालंय ना असं?

माझ्या एका मैत्रिणीच्या बाबतीत झालं. ती पुण्यातल्या एका कंपनीत, सीएसआरचं काम बघणाऱ्या टीममध्ये. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या शिक्षकांचं तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण, स्थळ चंद्रपूर. यादी वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेली, त्यात फक्त नाव आणि ई-मेल. ‘श्री.’ की ‘श्रीमती’ हा कॉलमच नाही. बाईसाहेबांनी डोकं चालवलं. नावाच्या शेवटी काना किंवा वेलांटी असेल तर श्रीमती, नाहीतर श्री. एक फॉर्म्युला ओढला, सेंड दाबलं आणि मूव्हीला गेली.

सोमवारी रिप्लाय यायला लागले. शिवाजी नावाचे एक सर ‘श्रीमती’ झाले होते, कृष्णा आणि राजय्याही. शीतल मॅडम ‘श्री.’ झाल्या होत्या. इथवर हसण्यावारी गेलं. पण हॉस्टेलच्या खोल्यांची यादीही त्याच शीटवरून निघाली होती! एटापल्लीकडच्या एक किरण मॅडम दिवसभराचा एसटीचा प्रवास करून पोचल्या, तर त्यांचं बेड पुरुषांच्या खोलीत. काउंटरवर त्या शांतपणे म्हणाल्या, ‘मी किरण आहो, पण श्री. नाही.’ रात्री नऊपर्यंत त्या बॅग घेऊन व्हरांड्यात बसून होत्या.

मैत्रिणीने मला ती शीट दाखवली तेव्हा कळलं, की श्री-श्रीमती हा प्रॉब्लेम नंबर दोन होता. नंबर एक होता, यातलं नाव कुठलं? नमुन्याच्या चार ओळी बघा (माणसं खरी नाहीत, घोळ खरा आहे):

आत्राम किरण लालसू
शीतल विजय मडावी
के. राजेश्वरी
कमल बिस्वास

पहिली ओळ आपल्या सरकारी सवयीची. शाळेचं हजेरीपुस्तक असो की मतदार यादी, आडनाव आधी. दुसरी आपण रोज लिहितो तशी. तिसरी सिरोंचाकडची. प्राणहिता-गोदावरी ओलांडली की तेलंगणा, त्यामुळे त्या भागात तेलुगू बोलणारी घरं खूप. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव पुढे येतं आणि बरेचदा त्याचं एक अक्षरच उरतं. चौथी चामोर्शी-मुलचेरा भागातली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती तिथे आहेत आणि त्यांचं आडनाव शेवटी.

आता ‘पहिला शब्द म्हणजे नाव’ धरलं तर काय होतं? किरण मॅडमना ‘प्रिय आत्राम’. या भागात आत्राम, मडावी ही आडनावं इतकी आहेत, की ‘प्रिय आत्राम’ म्हटल्यावर अख्खं गाव मागे वळून बघेल. राजेश्वरीला ‘प्रिय के.’ बरं, ‘दुसरा शब्द’ धरलं तर? शीतलला ‘प्रिय विजय’. म्हणजे पत्र लेकीला आणि हाक बापाला! (लग्न झालेलं असेल तर नवऱ्याला.) आणि हे पुढे अजून वाढणार आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचंही नाव आलंय: आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. तीन शब्द मोजायची सवय असलेल्या शीटला चार शब्द भेटणार.

मग करायचं काय? आडनावं ओळखायची, आणि ती यादी स्वतःच सांगते. किरण, शीतल, राजेश असे शब्द दोन-चारदा येतील, पण आत्राम तीस-तीसदा. जे शब्द पुन्हा पुन्हा येतात त्यांची एक वेगळी शीट करा, तिला `Surnames` नाव द्या. मग त्यावरून हात फिरवून चुकून आलेली पहिली नावं काढून टाका, दहा मिनिटांचं काम आहे. मूळ शीटमध्ये A कॉलमात पूर्ण नाव ठेवा आणि B, C, D मध्ये त्याचे तीन शब्द. मग हे:

```
=IF((COUNTIF(Surnames!A:A,B2)>0)=
(COUNTIF(Surnames!A:A,D2)>0),A2,
IF(COUNTIF(Surnames!A:A,B2)>0,C2,B2))
```

साध्या मराठीत सांगायचं तर पहिला शब्द आडनाव निघाला तर दुसरा घे, शेवटचा आडनाव निघाला तर पहिला घे. दोन्ही निघाले किंवा एकही नाही, तर शहाणपणा न करता पूर्ण नाव जसंच्या तसं लिही. किरण आणि शीतल बरोबर सुटतात. राजेश्वरी आणि कमल यांना पूर्ण नावाने हाक जाते. कुणी ‘आत्राम’चं ‘अत्राम’ टाइप केलं असेल तर तेही पूर्ण नावावरच थांबतं. थोडं औपचारिक वाटेल, पण चूक होत नाही.

आता तो की ती? इथे फॉर्म्युला शोधूच नका. किरण दोन्ही असतात. कमल आपल्याकडे बहुधा मावशी असते, बंगालीत मात्र बहुधा काका. सुमनचंही तसंच. तेलुगूत ‘य्या’ म्हणजे पुरुष आणि ‘म्मा’ म्हणजे बाई हे बऱ्यापैकी पक्कं आहे, पण दोघांच्याही शेवटी काना! त्यापेक्षा मराठीने दिलेली सोय वापरा. ‘नमस्कार किरणजी’ दोघांनाही चालतं. ‘प्रिय’ आणि ‘आदरणीय’ही कधी बदलत नाहीत.

फसतो आपण पुढच्या वाक्यात. ‘तुम्ही पात्र ठरला आहात’ लिहिलं की समोरचा पुरुष झाला, ‘ठरल्या आहात’ लिहिलं की बाई. ‘तुमची निवड झाली आहे’ लिहा, प्रश्नच मिटला. पाठवण्याआधी आपल्या मजकुरात असे ‘ला आहात’ शोधून काढा. माझ्या मैत्रिणीला एका पानात चार सापडले.

आणि जिथे बाई की पुरुष हे खरंच कळायला हवं, म्हणजे हॉस्टेलची खोली, तिथे नोंदणीच्या फॉर्ममध्ये सरळ विचारा. सोबत आणखी एक रकाना ठेवा: ‘तुम्हाला पत्रात काय म्हणू?’ अंदाजाने लावलेलं ‘श्री.’ शीटमध्ये राहिलं, की पुढचा माणूस ते उत्तर समजून वापरतो. किरण मॅडमचं बेड तसंच तर गेलं.

मैत्रिणीने पुढच्या बॅचला तो रकाना ठेवला. बहुतेकांनी ‘सर’, ‘मॅडम’ लिहिलं. एकाने ‘गुरुजी’. किरण मॅडमनी लिहिलं होतं, ‘किरणताई चालेल. पण खोली आधी बघून घ्या.’