पैसे कटले, पण कार्डात आले नाहीत

आपल्या खिडकीवर दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार या महिन्याच्या संपादकीयाचा विषय आहे. प्रवाशाने ॲपवरून रिचार्ज केलेला असतो, ॲप ‘यशस्वी’ म्हणते, बँकेचा मेसेजही आलेला असतो. पण गेटवर कार्ड टेकवले की पुरेशी शिल्लक नाही असे दिसते. यावर बहुतेक खिडक्यांवर ‘चोवीस तास थांबा’ हे एकच उत्तर मिळते. अशा बहुतेक तक्रारींत हे उत्तर चुकीचे आहे, कारण चोवीस तास थांबल्याने त्या कार्डात काहीच होणार नसते.

नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाचेच उदाहरण घेऊ. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत या कार्डाची सुरुवात झाली आणि आता मेट्रोच्या गेटवर व बसच्या मशीनवर तेच जास्त दिसते. या कार्डात पैसे दोन ठिकाणी असू शकतात. एक जागा म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेच्या सर्व्हरवरचे खाते, दुसरी म्हणजे खुद्द कार्डातली चिप. गेटला क्षणार्धात निर्णय घ्यायचा असतो, त्यामुळे ते बँकेला विचारायला जात नाही. चिपमध्ये जेवढी रक्कम लिहिलेली आहे तेवढीच त्याला दिसते. ॲपवरून केलेला रिचार्ज मात्र सर्व्हरवरच्या खात्यात जमा होतो. तिथून तो चिपमध्ये आणायला कार्ड एखाद्या ऑनलाइन मशीनवर ठेवून ‘बॅलन्स अपडेट’ करावे लागते. काही ॲपमधून एनएफसी असलेल्या फोनच्या पाठीला कार्ड लावूनही हे करता येते. प्रवाशाला हे कुणी सांगितलेले नसते आणि ॲपने दाखवलेल्या आकड्यावर त्याचा विश्वास बसलेला असतो. कार्ड बँकेच्या डेबिट कार्डाच्याच रूपात असेल, तर खात्यात भरपूर पैसे असताना गेट का अडवते हे त्याला आणखीनच कळत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की प्रवाशाच्या फोनकडे बघण्याआधी कार्ड मशीनवर ठेवा. चिपमधली शिल्लक आधी वाचा आणि मगच अपडेटचे बटण दाबा.

समजा, प्रवाशाने सकाळी ८.४० ला ५०० रुपये भरले आणि ८.५५ ला तो गेटवर अडकला. तुम्ही कार्ड वाचले, चिपमध्ये १२ रुपये निघाले. अपडेट केले, पुन्हा वाचले आणि ५१२ दिसले, की तक्रार तिथेच संपली. पावती छापून द्या आणि पुढच्या वेळी रिचार्जनंतर हे करायचे असते एवढे एक वाक्य सांगा. बसमध्ये हाच प्रवासी भेटला तर कंडक्टरकडचे मशीन त्याला बहुधा मदत करू शकणार नाही. चिपमधून भाडे वजा करणे त्याला जमते, पण अपडेटसाठी बँकेशी जोडणी लागते. तेव्हा त्याला स्थानकाच्या किंवा डेपोच्या खिडकीवर पाठवा.

अपडेट नाकारले गेले, तर आधी मर्यादा तपासा. चिपमध्ये एका वेळी २,००० रुपयांपेक्षा जास्त राहू शकत नाहीत. आधीच १,७०० असतील आणि वर ५०० आणायचे असतील तर बेरीज २,२०० होते. मशीन नाही म्हणाले तरी पैसे सर्व्हरवर सुखरूप असतात. आणखी एक साधे कारण हमखास सुटते. घरातल्या दोन-तीन जणांची कार्डे एकाच ॲपला जोडलेली असतात आणि रिचार्ज मुलीच्या कार्डावर जातो, किंवा हरवून बदललेल्या जुन्या कार्डावर. ॲपमधले शेवटचे चार अंक आणि हातातल्या कार्डावरचे चार अंक शेजारी धरून बघायला वेळ लागत नाही.

खरी काळजी घ्यायची ती अपडेट अर्धवट तुटल्यावर. मशीन बँकेशी बोलत असतानाच प्रवासी कार्ड उचलतो आणि पडद्यावर ‘अयशस्वी’ येते. गर्दीच्या वेळी आपला हात लगेच पुन्हा बटणाकडे जातो. तो थांबवा आणि आधी शिल्लक वाचा. चिपमध्ये ५१२ दिसले, तर लिहिण्याचे काम झालेले आहे, फक्त झाल्याची खूण मशीनपर्यंत पोचली नाही. १२ दिसले आणि सर्व्हरवर ५०० तसेच आहेत असे ॲप सांगत असेल, तर दुसऱ्यांदा अपडेट करायला हरकत नाही. पण चिपमध्ये १२ आणि सर्व्हरवर शून्य असेल, तर रक्कम खात्यातून निघाली आणि कार्डात उतरली नाही. ही तक्रार खिडकीवर सुटणारी नाही, बँकेलाच ती रक्कम उलटवावी लागते. यात आपले काम पुरावा जपण्याचे आहे, आणि त्यातच आपण सगळ्यात कमी पडतो.

अशा प्रकरणात व्यवहाराचे संदर्भ क्रमांक दोन असतात. पहिला रिचार्जचा, म्हणजे यूपीआयने पैसे कटल्याचा बारा अंकी आरआरएन. तो प्रवाशाच्या फोनमध्ये किंवा बँकेच्या मेसेजमध्ये सापडतो. दुसरा अपडेटच्या प्रयत्नाचा. तो आपल्या मशीनच्या पावतीवर असतो, मशीनचा क्रमांक आणि वेळही तिथेच असते. तक्रारीत फक्त पहिला क्रमांक लिहिला, तर बँक तपासते, रिचार्ज यशस्वी झालेला दिसतो आणि तक्रार बंद होते. तिच्या दृष्टीने ते बरोबरही असते, कारण गडबड दुसऱ्या व्यवहारात झालेली असते. म्हणून अपयशी अपडेटची पावती फाडून टाकू नका. ती प्रवाशाला द्या आणि तिची नोंद शिफ्टच्या वहीत ठेवा. त्या नोंदीत आधी आणि नंतर वाचलेली चिपमधली शिल्लकही लिहा.

उलट बाजूचा प्रकार कमी वेळा येतो. बँकेतून पैसे कटलेत, पण ॲपमध्ये रिचार्ज ‘प्रलंबित’ आहे किंवा दिसतच नाही. इथे कार्डाचा काहीच संबंध नाही, पैसे अजून कार्डाच्या खात्यापर्यंत पोचलेलेच नाहीत. प्रवाशाने लगेच दुसरा रिचार्ज करू नये, कारण पहिला उशिरा जमा झाला तर दोन्ही रकमा आत अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने पैसे कटून व्यापाऱ्याकडे खातरजमा पोचली नसेल तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. ही तरतूद प्रवाशाला सांगा, पण तिची हद्दही सांगा. रिचार्ज यशस्वी होऊन पैसे फक्त चिपमध्ये उतरायचे राहिले असतील तर ती लागू होत नाही.

पर्यवेक्षकांकडे एक मागणी आहे. मशीन पुरवणाऱ्या कंपनीशी पुढच्या वेळी बोलाल तेव्हा दोन्ही शिलका पावतीवर वेगवेगळ्या छापून मागा, आणि गेटच्या पडद्यावर नुसत्या ‘शिल्लक अपुरी’ऐवजी ‘रिचार्ज केला असल्यास खिडकीवर अपडेट करा’ असे मराठीत दिसू द्या. तोवर हीच ओळ खिडकीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लावता येईल.

आणि तक्रार कुणाकडे जाते हे प्रवाशाला स्पष्ट सांगा. पैसे कार्ड देणाऱ्या बँकेच्या ताब्यात असतात, मेट्रोच्या नाही. कार्डाच्या मागे बँकेचा मदत क्रमांक छापलेला असतो. तिथे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यायचा, आणि ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वरून विनाशुल्क जाता येते. तिथे जोडायला त्याच्याकडे आपण दिलेली ती छोटी पावती असली पाहिजे.