फीसाठी पीएफ काढायचा की शैक्षणिक कर्ज घ्यायचे? हिशेब काय सांगतो

कॅप फेरीत कॉलेज मिळाले की फी भरायला हातात मोजकेच दिवस असतात. शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत पंधरा-वीस वर्षे नोकरी केलेल्या पालकाला तेव्हा पहिल्यांदा आठवतो तो भविष्य निर्वाह निधी, म्हणजेच पीएफ. कारण साधे आहे. बँकेचे कर्ज मंजूर व्हायला वेळ लागतो. पीएफची आगाऊ रक्कम मात्र केवायसी पूर्ण असेल तर मोबाईलवरून अर्ज करून काही दिवसांत खात्यावर येते. शिक्षणासाठीचे 5 लाखांपर्यंतचे दावे 2025 पासून संगणकीय पद्धतीने आपोआप निकाली निघू लागले आहेत. पैसे काढणे सोपे झाले, पण ते काढणे परवडते का, हा प्रश्न वेगळा आहे.

पीएफमधून किती रक्कम मिळते?

जुन्या नियमात दहावीनंतरच्या शिक्षणासाठी सात वर्षांच्या सदस्यत्वानंतर स्वतःच्या वर्गणीची व्याजासह निम्मी रक्कम काढता येत असे. केंद्रीय विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर 2025 मध्ये हे नियम सैल करण्याचा निर्णय घेतला. त्यानुसार 12 महिन्यांच्या सेवेनंतर, मालकाच्या हिश्शासह, खात्यात 25 टक्के शिल्लक ठेवून उरलेली रक्कम काढता येईल आणि शिक्षणासाठी दहा वेळा अशी मुभा असेल. आपल्या खात्याला किती रक्कम लागू आहे, ते पोर्टलवर फॉर्म 31 भरताना दिसते. तोच आकडा धरून चालावे.

आधी फीचा खरा आकडा काढा

कॉलेजच्या माहितीपत्रकातली फी आणि घरातून भरायची फी यांत मोठा फरक असू शकतो. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल आणि प्रवेश कॅपमधून झाला असेल, तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलते. आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातल्या प्रवेशाला हे लाभ मिळत नाहीत. पीएफ किंवा कर्ज यांचा विचार महाडीबीटीवरचा अर्ज भरल्यावर, उरलेल्या रकमेपुरताच करावा.

एक उदाहरण

समजा, एका फाउंड्रीतील कामगाराचे वय 47 आहे. नोकरीला 19 वर्षे झाली आहेत आणि पीएफ खात्यात 9 लाख आहेत. मुलाला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्ती वजा जाता दरवर्षी 1 लाख, म्हणजे चार वर्षांत 4 लाख लागणार आहेत.

ही रक्कम दरवर्षी पीएफमधून काढली तर आज हप्ता नाही आणि व्याजही नाही. पण हे पैसे खात्यात राहिले असते आणि 2023-24 व 2024-25 मध्ये मिळालेला 8.25 टक्के दर पुढेही कायम राहिला असता, तर वयाच्या 58 व्या वर्षी त्यांचे सुमारे 8.53 लाख झाले असते. तेवढी रक्कम निवृत्तीच्या दिवशी कमी मिळेल.

आता कर्ज. बँक संघटनेच्या नमुना योजनेनुसार 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही. अभ्यासक्रमाची चार वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो. त्या काळात सरळव्याज चढते. व्याजदर 10 टक्के धरला तर पाच वर्षांनी 1.40 लाख व्याज चढून 5.40 लाख फेडायचे राहतात. दहा वर्षांच्या मुदतीत महिन्याचा हप्ता सुमारे 7,136 रुपये आणि एकूण परतफेड 8.56 लाख रुपये होते.

आकडे सारखे, फरक कुठे?

8.53 लाख आणि 8.56 लाख हे आकडे जवळपास सारखे दिसतात. पण पहिली रक्कम वडिलांच्या उतारवयातून जाते आणि दुसरी मुलाच्या कमावत्या वर्षांतून.

दराकडे पाहून कोणी म्हणेल, 10 टक्क्यांच्या कर्जापेक्षा 8.25 टक्क्यांचे स्वतःचे पैसे वापरणे स्वस्त. हे खरे आहे, पण काढलेले पैसे परत भरले तरच. फॉर्म 31 वर काढलेली रक्कम परत भरायची नसते आणि थेट जमा करायची सोयही नसते. भरपाई करायची तर कंपनीमार्फत पगारातून ऐच्छिक वर्गणी वाढवावी लागते. बँक हप्त्यासाठी फोन करते, पीएफ कार्यालय करत नाही. म्हणून ही भरपाई बहुधा राहून जाते.

पेन्शनवर भिस्त ठेवावी, तर तोही आकडा पाहून घ्यावा. कर्मचारी पेन्शन योजनेत पगाराची मर्यादा 15,000 रुपये धरली जाते. या कामगाराची 58 व्या वर्षी 30 वर्षे सेवा होईल. नियमाप्रमाणे त्यात दोन वर्षे वाढवून 70 ने भागले, तर महिन्याला सुमारे 6,857 रुपये मिळतील. पीएफ काढल्याने ही पेन्शन कमी होत नाही. पण म्हातारपणी या पेन्शनला जोड असते ती पीएफच्या रकमेचीच, आणि निवृत्तीनंतरच्या खर्चासाठी बँक कर्ज देत नाही.

मग करायचे काय?

आमच्या मते फीचा मुख्य भार कर्जावर ठेवावा आणि वडिलांनी शिकण्याच्या काळातले व्याज दरमहा भरत जावे. वरच्या उदाहरणात हे व्याज पहिल्या वर्षी महिन्याला 833 रुपये आणि चौथ्या वर्षापासून 3,333 रुपये येते. असे केल्यास फेडायची रक्कम 4 लाखच राहते आणि हप्ता 7,136 वरून सुमारे 5,286 रुपयांवर येतो. व्याज वेळेवर भरणाऱ्यांना काही बँका दरात सवलतही देतात. तिची चौकशी मंजुरीच्या वेळीच करावी.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेत ठरावीक संस्थांसाठी, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 3 टक्के व्याज सवलत आहे. मात्र दुसरी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असेल तर ही सवलत मिळत नाही. दोन्ही धरून हिशेब केला, तर तो चुकेल.

कर्जातही धोका आहे. पालक सहकर्जदार असतो. मुलाने शिक्षण अर्धवट सोडले किंवा नोकरी उशिरा लागली, तरी हप्ता चुकत नाही आणि थकला तर वडिलांचाही सिबिल स्कोअर बिघडतो. म्हणून कॉलेजमधून त्या शाखेच्या किती मुलांना आणि कोणत्या पगाराची नोकरी लागली, हे कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी विचारावे. सुरुवातीच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा हप्ता जास्त होत असेल, तर कर्जाची रक्कम कमी करावी लागेल.

पीएफला हात लावणे योग्य ठरते ते दोन प्रसंगी. बँकेने नकार दिला आणि खासगी वित्त कंपनी 13-14 टक्के दर सांगत असेल, तेव्हा. किंवा कर्ज मंजूर होईपर्यंत पहिला हप्ता भरायचा असेल, तेव्हा. दुसऱ्या प्रसंगी फीची पावती जपून ठेवा आणि भरलेल्या फीची रक्कम कर्जातून परत मिळते का, ते बँकेला अर्ज करतानाच विचारा. मिळत असेल, तर ती रक्कम पुढच्या वर्षाच्या फीसाठी बाजूला ठेवा, म्हणजे पीएफला पुन्हा हात लावावा लागणार नाही.